बोहनीचं गिऱ्हाईक

भाजी घेताना घासाघीस करणं ही एक कला आहे आणि दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये ती कला माझ्याइतकी कुणालाच जमली नाही, हे मी स्वतःच सांगतो, कारण आता दुसरं कुणी सांगत नाही. त्या काळी सांगायचे. नवीन बदली होऊन आलेल्या माणसाला लोक आधी पाणी कधी येतं ते सांगायचे आणि मग म्हणायचे, "भाजी घ्यायच्या आधी पार्सल ऑफिसच्या चांगदेवरावांना भाव विचारा." अहो, ड्यूटीवरून परतणारा ड्रायव्हर मला रस्त्यात थांबवून "आज वांगी कशी काढलीत?" असं विचारायचा. बायकोला मात्र याचं काही कौतुक नव्हतं. बायकोचं नाव रंभा. ती म्हणायची, "दोन रुपये वाचवायला पाऊण तास घालवता. तेवढ्या वेळात दळण आणून झालं असतं."

माझं यश एका गोष्टीवर उभं होतं, ते म्हणजे बोहनी. क्वार्टर्सच्या गेटाबाहेर, पाण्याच्या टाकीखाली खातूनबी बसायची. बागवानाची बाई, साठीला टेकलेली, आवाज बारीक. सकाळी सात वाजता तिची ताडपत्री पसरून झाली की पहिलं गिऱ्हाईक मी. आता भाजीवाल्याचा एक नेम असतो: पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जाऊ द्यायचं नाही. गेलं, तर सगळा दिवस बसून काढावा लागतो, असं ही माणसं मनापासून मानतात. पहिले पैसे हातात पडले की खातूनबी ते आधी तराजूला लावायची, मग कपाळाला. हे मला ठाऊक होतं. त्यामुळे मी भाव पाडून मागायचो आणि पाठ फिरवायचो. चार पावलं गेलो की मागून बारीक आवाज यायचा, "या बाबूसाहेब, घ्या. बोहनीचा टाइम हाय."

असं अठरा वर्षं चाललं. मीच पहिला, मीच विजयी, आणि माझा आवाज चांगला खणखणीत, त्यामुळे विजयाची वार्ता पहिल्या मजल्यापर्यंत आपोआप पोचायची.

मग ते कांद्याचं वर्ष आलं. कांदा चाळीसवर गेला आणि त्याच्यामागून सगळीच भाजी वर चढली. मी मात्र तत्त्वाचा माणूस. भाव वाढले म्हणून कुणी आपली कला सोडतं का? खातूनबी टोमॅटो चौदा म्हणाली की मी अकरा म्हणायचो. ती म्हणायची, "न्हाई पुरवत, बाबूसाहेब. खरंच न्हाई." मी म्हणायचो, "हे तुम्ही पाच रुपये भाव होता तेव्हाही म्हणत होतात." मग माझी पाठ फिरली की टोमॅटो अकराला मिळायचे.

दिवाळीला दोन आठवडे राहिले असतील. त्या सकाळी तिनं टोमॅटो तोलले, पैसे घेतले, तराजूला लावले, कपाळाला लावले आणि खाली बघूनच म्हणाली, "बाबूसाहेब, एक बोलू? उद्यापासनं बोहनीला नका येऊ. जरा उशिरानं या. आठ-साडेआठला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "म्हणजे?"

"म्हंजी या की. भाजी देते. फकस्त पयलं नका येऊ. तसं बी दिवाळीपतूरच बसनार हाय मी. माजा पोरगा रिजवान म्हनतो, कुरकुंभला कंपनीच्या कँटीनला चपात्या लाटायला बाया पायजेत. महिन्याचा पगार हाय."

तिच्या जाण्याची बातमी मी ऐकलीच नाही म्हणा ना. कान अडकले होते ते पहिल्या वाक्यात. बोहनीला येऊ नका! अठरा वर्षांचं गिऱ्हाईक! लग्नाच्या पंगतीत पानावरून उठवावं तसं मला झालं. मी घरी आलो आणि टोमॅटो जरा जोरातच ओट्यावर ठेवले. त्यातले दोन फुटले.

संध्याकाळी शेजारच्या संपतरावांना सांगितलं. संपतराव मालगाडीचे गार्ड. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटं बसून माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो, आणि ते सगळे विचार संपतराव घरी आणून आमच्यावर रिकामे करतात. ते म्हणाले, "चांगदेवराव, तिला माज आलाय. केडगावला लिलावात टोमॅटो काय भावानं सुटतो माहितीय? नऊ-साडेनऊ. ती चौदा सांगते! मधले साडेचार कुठं गेले?"

"कुठं गेले?" मी विचारलं.

"पदरात! तुम्ही असं करा, रविवारी सुट्टी आहे, पहाटेच्या शटलनं केडगावला जा. थेट लिलावात माल घ्या. आख्ख्या क्वार्टर्सची भाजी आणा. ना नफा, ना तोटा. तिला कळू दे."

हा सल्ला मला फारच आवडला. सल्ल्यात संपतरावांनी स्वतः यायचं नव्हतं, ही गोष्ट नंतर माझ्या लक्षात आली. मी वही घेऊन बारा घरं फिरलो. कुशाबाईंनी दोन किलो टोमॅटो आणि मेथीच्या सहा जुड्या लिहवल्या, वर म्हणाल्या, "ताजी बघून आणा हं, आणि माती नको." सगळ्यांची बेरीज झाली वीस किलो टोमॅटो आणि पन्नास जुड्या. रंभानं वही बघितली आणि म्हणाली, "तुम्हाला पिकलेला आणि कच्चा टोमॅटो वेगळा कळतो का?" मोठ्या कामाच्या आधी घरातून असंच बोललं जातं.

रविवारी केडगावला उतरलो तेव्हा लिलाव सुरू झालेला होता. शेतकऱ्यांच्या क्रेटच्या रांगा लावलेल्या, आडत्या एकेका ढिगापाशी उभा राहून ओरडतोय, आणि भोवती वीस-पंचवीस भाजीवाले. सगळं भराभर चाललेलं. बोली एका क्रेटची, आणि क्रेट वीस किलोचं. सुटं कुणी देत नाही. मेथी तर शेकड्यानं, शंभर जुड्यांखाली बात नाही. वहीत पन्नास आहेत असं मी सांगून पाहिलं. आडत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की वही मी खिशात घातली.

टोमॅटोची बोली लागली. "एकशे साठ!" "सत्तर!" "ऐंशी!" आता अठरा वर्षं मुरलेला माणूस मी. कुणी ऐंशी म्हणाल्यावर माझ्या तोंडून काय बाहेर पडणार? मी खणखणीत आवाजात म्हणालो, "एकशे पन्नास!"

मग जे हसणं उठलं! एक पागोटेवाला शेतकरी पोट धरून खाली बसला. आडत्या म्हणाला, "साहेब, हितं भाव वर न्यायचा असतो. खाली न्यायचा आसंल तर घरी न्या." माझे कान तापले. आयुष्यात मी भाव वर नेलेलाच नव्हता, तो कसा न्यायचा असतो हेच मला ठाऊक नव्हतं. पण इज्जतीचा प्रश्न होता. कुणी "नव्वद" म्हणालं, मी ओरडलो, "दोनशे दहा!" आडत्यानं घाईघाईनं तीनदा पुकारलं आणि क्रेट माझ्या नावावर चढवलं. त्याच तिरीमिरीत मी मेथीचा शेकडाही दोनशे वीसला उचलला.

हसणाऱ्यांच्या त्या गर्दीत न हसणारं एकच माणूस होतं. खातूनबी. डोक्यावर पदर घेऊन, आपल्या दोन क्रेटांवर बसून ती माझ्याकडे बघत होती. मी मान दुसरीकडे वळवली.

पैसे मोजून झाल्यावर वाटलं, सुटलो. तर हमाल म्हणाला, हमाली. तोलणारा म्हणाला, तोलाई. म्हणजे तीन रुपये क्रेटचे, दोन मेथीचे. ते सगळं उचलून मी स्टेशनवर आणलं, आणि तिथं माझ्याच खात्याचा नियम मला आडवा आला. एवढा माल पॅसेंजरच्या डब्यात नेता येत नाही, तो बुक करावा लागतो. तिथल्या बाबूनं माझा माल नीट पाहिला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "भाऊसाहेब, वर झाकण नाही, शिवण नाही. पॅकिंग अयोग्य. तुम्हीच सांगा, तुम्ही घेतलं असतं का?" मी घेतलं नसतं. बावीस वर्षांत अशा किती पार्सलांवर मी लाल शाईनं 'पॅकिंग अयोग्य' लिहून लोकांना परत पाठवलंय याला हिशोब नाही. त्या सगळ्यांची त्या दिवशी मला आठवण आली.

बाहेर आलो तर रस्त्याला भाजीवाल्यांचा टेम्पो उभा. मागून बारीक आवाज आला, "बाबूसाहेब, चढवा हिकडं. दौंडलाच चाललाय." खातूनबीनं स्वतः हात लावून माझं क्रेट वर घेतलं. आत बायका पोत्यांवर बसलेल्या, मीही मेथीवर बसू नये म्हणून वाकडा होऊन एका कोपऱ्यात बसलो. टेम्पोवाल्यानं क्रेटचे बारा आणि मेथीचे दहा घेतले. मी म्हणालो, "बारा? एवढे?" तो म्हणाला, "मागल्या साली सात व्हते. डिझेल काय माझ्या घरी पिकतं का?"

निम्मा रस्ता सरल्यावर खातूनबी हळूच म्हणाली, "क्रेट उलटं करून बघितलं व्हतं का?"

"नाही. वरचे लालभडक होते."

"वरचं सगळ्यांचं लालच असतंय," एवढंच ती म्हणाली. बाजारातल्या माझ्या बोलीबद्दल तिनं एक अक्षर काढलं नाही. तिनं टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी क्रेट उलटं केलं. खालच्या थरातले तीन किलो दबलेले, पाणी सुटलेले. राहिले सतरा. मी व्हरांड्यात चादर पसरली, पार्सल ऑफिसातल्या एकाकडून तराजू मागून आणला होता तो मांडला. पहिले आले संपतराव. मी म्हणालो, "साडेदहाला पडलेत, वर हमाली, भाडं. बारा द्या."

"बारा?" संपतराव ओरडले. "अहो, ना नफा ना तोटा ठरलं होतं ना! दहा घ्या. बोहनी करतोय तुमची."

आता शेजारी, त्यात सल्लागार. नाही कसं म्हणणार? दिले दहानं. संपतराव पिशवी घेऊन जिना उतरेपर्यंत "दहानं काढले!" असं तीन दारांत सांगून गेले. मग जो आला तो दहा रुपये हातात घेऊनच आला. कुशाबाईंना बारा म्हटलं तर त्या म्हणाल्या, "संपतरावांना दहा आणि आम्हाला बारा? आम्ही काय परके?" शिवाय प्रत्येकाला पारडं झुकतं हवं, तोलून झाल्यावर वरून एक लहानसा हवाच. सतरा किलोचे पंधराच किलो झाले. मेथीच्या जुड्या तर लोकांनी सोडून बघितल्या, दोन काड्या इकडून, चार तिकडून घालून आपली जुडी जाड केली, आणि "दोनच रुपये बरं का" म्हणून नेली. दुपारपर्यंत अडतीस गेल्या. उरलेल्या बासष्ट संध्याकाळी पिवळ्या पडायला लागल्या.

रात्रीचं जेवण झालं तेव्हा मी वही घेतली. टोमॅटोचे दोनशे दहा, हमाली-तोलाई तीन, भाडं बारा, म्हणजे दोनशे पंचवीस. आले दीडशे. मेथीचं तर लिहवत नाही. पण मला खरा धक्का त्या पंचाहत्तर रुपयांचा बसला नाही. मी त्याच वहीत खातूनबीचं क्रेट मांडलं. तिनं काही माझ्यासारखं दोनशे दहाला घेतलं नसणार. एकशे नव्वद धरा. वर तीन, वर बारा. दोनशे पाच. हातात विकायला सतराच किलो. चौदानं विकले तर तेहतीस रुपये सुटतात, त्यात नगरपालिकेची जागेची पावती आणि पिशव्या. आणि अकरानं विकले तर अठरा रुपये पदरचे जातात.

पण तिनं अकरानं मला एक किलो दिला होता. बाकीच्यांना?

बाकीच्यांना मीच ओरडून सांगितलं होतं. रोज. खणखणीत आवाजात. संपतरावांनी आज माझ्या व्हरांड्यात जे एकदा केलं, ते मी तिच्या ताडपत्रीवर अठरा वर्षं रोज सकाळी सातला केलं होतं. पाच रुपये भाव होता तेव्हा ते खपून गेलं. आता खपत नव्हतं. कँटीनला चपात्या लाटायला तिला मी पाठवत होतो, दुसरं कुणी नाही. मला फार लाज वाटली. रंभाला सांगितलं तर तिनं मेथीची एक जुडी निवडायला माझ्यापुढे सरकवली. आम्ही चार दिवस मेथी खाल्ली.

सोमवारी मी तिच्या सांगण्याप्रमाणे साडेआठला गेलो. म्हणालो, "खातूनबी, माझ्या एका किलोपायी तुमचं क्रेट जात होतं. तुम्ही बोलला का नाहीत?"

ती कोथिंबिरीवर पाणी शिंपडत होती. "बोहनीच्या गिऱ्हाइकाला न्हाई म्हनता येत न्हाई."

"ते झालं. पण अठरा वर्षांत एकदा?"

तिनं हात पुसले. "आमचं मालक, फकीरमियां, गेले आन् चाळीस दिवसांनी मी हितं पयल्यांदा बसले. आठवतंय का तुमास्नी? न्हाई आठवायचं. मला भाव सांगता येत नव्हता, तराजू धरता येत नव्हता. क्वार्टर्सच्या बाया यायच्या, च्‌ च्‌ करायच्या, रुपया ठेवायच्या आन् भाजी न घेताच जायच्या. मला लई लागायचं ते. मग तुम्ही आला. गवार सहा म्हनले तर तुम्ही म्हनला, 'सहा? लुटताय का?' आन् कसं भांडला! मी बी भांडले. पाचला दिली. तुम्ही गेल्यावर मला वाटलं, आपन भाजीवाली झालो, भिकारीन न्हाई." तिनं तराजू सरळ केला. "त्या मानसाला कसं सांगू, भांडू नका म्हनून?"

डोळे पुसायला खिशात हात घातला तर रुमालाऐवजी वही निघाली. तिनं मला सहा वांगी तोलून दिली आणि तिनं सांगितला तो भाव मी घासाघीस न करता दिला. तिनं पैसे घेतले, पण चेहरा उतरला. "बाबूसाहेब, आसं नका करू. आसं तर त्या बाया करायच्या."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला घासाघीस नको होती असं नाही. फक्त मी जिंकायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सातला हजर. मागे कुशाबाई, आणखी दोघी-तिघी. मी गर्जना केली, "टोमॅटो कसे?" ती म्हणाली, "चौदा." "चौदा? लुटताय का? अकरा!" "न्हाई पुरवत." मी पाठ फिरवली, चार पावलं गेलो. मागून सवयीनं आवाज आला, "या, तेरा घ्या." आता आली का पंचाईत! मी गर्रकन वळलो आणि ओरडलो, "तेरा कसले? चौदा म्हणालात ना? मग चौदाच! शब्द बदलता का?" कुशाबाईंनी तोंडाला पदर लावला. खातूनबी माझ्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की तराजू हातातून खाली ठेवला. पण चौदा घेतले, तराजूला लावले, कपाळाला लावले. त्या दिवशी आख्ख्या क्वार्टर्सनं चौदानं टोमॅटो घेतले, कारण चांगदेवरावांनाच चौदाच्या खाली मिळाले नव्हते.

चार दिवसांत मला हरायचं कसं ते जमायला लागलं. अकरापासून सुरुवात करायची, साडेअकरा, बारा, आकाशपाताळ एक करायचं, आणि शेवटी मान खाली घालून चौदा मोजायचे. माझं नाव मात्र गेलं. ड्रायव्हर लोक आता मला भाव विचारत नाहीत. दिवाळी झाली, कुरकुंभच्या कँटीनला दुसरी बाई लागली. त्याच आठवड्यात संपतराव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चांगदेवराव, वय झालं की असं होतं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. उद्यापासून आपल्या क्वार्टर्सतर्फे बोहनीला मी जातो. बघा कसे दहाला आणतो."

मला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी पावणेसातलाच जाऊन टाकीखाली उभा राहिलो. तेव्हापासून रोज तसाच उभा असतो. टेम्पो येतो, मी क्रेट खाली घ्यायला हात लावतो आणि ताडपत्री पुरती पसरायच्या आत विचारतो, "टोमॅटो कसे?"

ती म्हणते, "दम धरा की जरा. उतरवू तर द्या."

मग मी दम धरतो. संपतराव येतात, माझ्यामागे उभे राहतात.